बचत गटातल्या २३ जणींची उत्तरे: टी चाचणी, काय-वर्ग की मान-व्हिटनी?

रानजाई

नमस्कार. मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी मी सांगोला तालुक्यातल्या बचत गटांमधील २३ महिलांकडून प्रश्नावली भरून घेतली आहे. त्यांपैकी १२ जणींनी बँक व्यवहारांचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते, ११ जणींनी घेतले नव्हते. मुख्य विधान असे होते: "बँकेत जाऊन माझा व्यवहार मी कोणाच्याही मदतीविना पूर्ण करू शकते." उत्तर १ (पूर्ण असहमत) ते ५ (पूर्ण सहमत) या पट्टीवर द्यायचे होते. मिळालेली उत्तरे अशी आहेत:

| | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|
| प्रशिक्षण घेतलेल्या (१२) | ० | १ | २ | ५ | ४ |
| न घेतलेल्या (११) | २ | ३ | ३ | २ | १ |

याशिवाय एक हो-नाही प्रश्न होता, की मागच्या तीन महिन्यांत एकटीने बँकेत जाऊन व्यवहार केला का. प्रशिक्षण घेतलेल्या १२ पैकी ९ जणींनी आणि न घेतलेल्या ११ पैकी ४ जणींनी "हो" असे सांगितले.

आमच्या विभागात आजवरच्या बहुतेक लघुप्रबंधांत काय-वर्ग चाचणीच वापरलेली दिसते आणि माझ्या मार्गदर्शकांनीही तीच सुचवली आहे. एका वरिष्ठ विद्यार्थिनीचे म्हणणे असे, की दोन गटांच्या सरासरीची तुलना असल्यामुळे टी चाचणी हवी. तिसऱ्या एकाने मान-व्हिटनी सुचवली. तिन्हींची नावे मला माहीत आहेत, परंतु निवड कशावरून करायची हे कळत नाही. तोंडी परीक्षेत "हीच का?" असे विचारले, तर मला स्वतःच्या शब्दांत उत्तर देता यायला हवे.

कृष्णाकाठ

आपला नमुना ३० पेक्षा लहान आहे, त्यामुळे टी चाचणीचा विचार सोडून द्यावा. प्रसामान्य वितरण गृहीत धरता येत नाही, तेव्हा काय-वर्ग हाच सुरक्षित मार्ग आहे, कारण त्या चाचणीला वितरणाची अट नाही. एक काळजी मात्र घ्यावी. काही घरांत आकडे फार लहान आहेत, म्हणून १, २, ३ हे एकत्र करून "असहमत किंवा तटस्थ" आणि ४, ५ एकत्र करून "सहमत" असे दोनच वर्ग करावेत. आम्ही आमच्या विभागात असेच करत आलो आहोत.

गणकवृत्ती

रानजाईताई, चाचणीचे नाव ठरवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: तुमच्या उत्तरांतून कोणती माहिती खरोखर मिळालेली आहे? ४ हे उत्तर ३ पेक्षा वरचे आहे, हे तुम्ही खात्रीने सांगू शकता. ३ ते ४ हे अंतर १ ते २ या अंतराएवढेच आहे का, हे मात्र सांगता येत नाही. म्हणजे क्रम निश्चित आहे, अंतर निश्चित नाही. तिन्ही चाचण्यांमधला फरक नेमका इथे आहे. काय-वर्ग क्रमसुद्धा विसरतो, मान-व्हिटनी क्रम वापरते आणि तेवढ्यावर थांबते, तर टी चाचणी क्रमाबरोबर अंतरही खरे मानते.

काय-वर्ग क्रम विसरतो म्हणजे काय, हे तुमच्याच आकड्यांवर पाहू. तुमच्या २ × ५ तक्त्याचा काय-वर्ग ६.२५ येतो, स्वाधीनता मात्रा ४ आणि पी मूल्य ०.१८. आता "५" चा स्तंभ उचलून "१" आणि "२" यांच्या मध्ये ठेवा, बाकीचे स्तंभही मनाला येतील तसे हलवा आणि पुन्हा गणित करा. उत्तर पुन्हा ६.२५ च येईल. ती चाचणी फक्त एवढेच विचारते, की दोन गटांची उत्तरे पाच डब्यांत वेगवेगळ्या रीतीने वाटली गेली आहेत का. ते डबे शिडीच्या पायऱ्या आहेत हे तिला माहीतच नाही. तुमचा प्रश्न मात्र शिडीबद्दल आहे: प्रशिक्षण घेतलेल्या महिला वरच्या पायरीवर आहेत का? चार स्वाधीनता मात्रांमध्ये ती चाचणी असे अनेक फरक शोधत बसते ज्यांच्याशी तुम्हाला कर्तव्य नाही, आणि म्हणून ज्या फरकाशी कर्तव्य आहे तो २३ उत्तरांत तिला दिसत नाही.

दुसरी अडचण अपेक्षित वारंवारतेची आहे. कृष्णाकाठ यांनी आकडे लहान असल्याचे बरोबर हेरले, पण पाहायचे असतात ते अपेक्षित आकडे, प्रत्यक्ष मिळालेले नव्हेत. स्तंभाची बेरीज गुणिले ओळीची बेरीज भागिले २३, असे केल्यास सर्वांत मोठा अपेक्षित आकडा ३.६५ येतो. म्हणजे दहाच्या दहा घरे ५ च्या खाली आहेत. कॉक्रन यांनी १९५४ मध्ये सुचवलेला आणि आजही बहुतेक ठिकाणी पाळला जाणारा संकेत असा आहे, की ५ च्या खालची घरे एक-पंचमांशाहून अधिक नसावीत आणि १ च्या खालचे एकही नसावे. इथे दोन्ही मोडतात, कारण न घेतलेल्यांच्या "१" या घरातली अपेक्षा ०.९६ आहे. वितरणाची अट नाही असे म्हणतात खरे, पण काय-वर्गाचे पी मूल्य हे स्वतःच मोठ्या नमुन्यासाठीचे सन्निकट मूल्य आहे.

आता मान-व्हिटनी हाताने करू. प्रशिक्षण घेतलेली प्रत्येक महिला न घेतलेल्या प्रत्येकीसमोर उभी करा. एकूण १२ × ११ = १३२ जोड्या होतात. जिचे उत्तर वरचे तिला एक गुण, बरोबरी झाल्यास दोघींना अर्धा अर्धा. प्रशिक्षण घेतलेली "२" वाली एकच महिला आहे. ती दोघींच्या वर आहे आणि तिघींशी तिची बरोबरी आहे, म्हणून तिचे ३.५ गुण. "३" वाल्या दोघी प्रत्येकी ५ जणींच्या वर आणि तिघींशी बरोबरीत, म्हणून प्रत्येकी ६.५. "४" वाल्या पाच जणींचे प्रत्येकी ९ आणि "५" वाल्या चौघींचे प्रत्येकी १०.५. बेरीज १०३.५ येते. गटांत काहीच फरक नसता तर ती १३२ च्या निम्मी, म्हणजे ६६ च्या आसपास आली असती. समान उत्तरांची दुरुस्ती करून या आकड्याचे प्रमाण विचलन १५.८ येते आणि पी मूल्य ०.०१९.

तोंडी परीक्षेत सांगण्याजोगा आकडा मात्र पी मूल्य नव्हे, तर १०३.५ भागिले १३२ म्हणजे ०.७८ हा आहे. प्रशिक्षण घेतलेली एक महिला आणि न घेतलेली एक महिला चिठ्ठी टाकून निवडल्या, तर पहिलीचे उत्तर वरचे असण्याची शक्यता, बरोबरी अर्धी मोजून, ७८ टक्के आहे. हे वाक्य कोणालाही कळते.

शाळेची_घंटा

हा धागा अगदी वेळेवर आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्याकडेही दोन गट आहेत: वाचन उपक्रमाच्या आधीचे ९ आणि नंतरचे ९. मुलांना "मला मोठ्याने वाचायला आवडते" या विधानावर १ ते ५ असे उत्तर द्यायचे होते. वरच्याप्रमाणेच ९ × ९ = ८१ जोड्या करून मी गुण मोजले, पण फरक फारसा दिसत नाही. माझे काही चुकले का?

गणकवृत्ती

मॅडम, आधीची ९ आणि नंतरची ९ मुले तीच आहेत ना? तसे असेल तर आपला प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे दोन गट नाहीत, एकाच गटाची दोन मोजमापे आहेत. ८१ जोड्या केल्यावर एका मुलाचे आधीचे उत्तर दुसऱ्याच मुलाच्या नंतरच्या उत्तरासमोर येते आणि मुलामुलांमधला मूळचा फरक उपक्रमाच्या परिणामात मिसळून जातो. इथे जोड्या फक्त नऊच आहेत, प्रत्येक मुलाची स्वतःशी एक. त्यासाठी विल्कॉक्सन यांची चिन्हांकित क्रमांकांची चाचणी वापरावी.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. या चाचणीच्या रूढ पद्धतीत ज्या मुलांचे उत्तर बदलले नाही ती गणनेतून गळतात. समजा तीन मुले गळली आणि सहा उरली. ती सहाही वर गेली असतील तर दुहेरी पी मूल्य २/६४, म्हणजे ०.०३१ येईल. एक मूल जरी खाली गेले, तरी उत्तम परिस्थितीतही ते ०.०६२ च्या खाली येऊ शकत नाही. पाचच मुले उरली तर पाचही वर जाऊन २/३२, म्हणजे पुन्हा ०.०६२. अशा वेळी चाचणी काहीही म्हणो, नऊ मुलांचा आधी-नंतरचा तक्ता जसाच्या तसा छापणे अधिक उपयोगाचे ठरते.

शाळेची_घंटा

मुले तीच आहेत. चार जणांचे उत्तर बदललेलेच नाही, म्हणजे माझ्याकडे पाचच उरतात. समजले, मी तक्ताच देईन. आभारी आहे.

कृष्णाकाठ

गणकवृत्ती सरांचे विवेचन पटले, विशेषतः स्तंभ हलवून दाखवलेला भाग. तरीही माझ्या सूचनेचा आपण पूर्ण विचार केला नाही असे वाटते. १ ते ३ आणि ४ ते ५ असे दोन वर्ग केल्यास एका बाजूला ९ आणि ३, दुसऱ्या बाजूला ३ आणि ८ असे आकडे येतात. चारही अपेक्षित आकडे ५ च्या वर आहेत, कॉक्रन यांची अट पाळली जाते आणि काय-वर्ग ५.२४, पी मूल्य ०.०२२ येते. म्हणजे मान-व्हिटनीचाच निष्कर्ष मिळतो आणि मार्गदर्शकांचेही समाधान होते. मग अडचण कोणती?

गणकवृत्ती

अडचण अशी, की तुम्ही पट्टी कुठे कापायची हे आकडे पाहून ठरवलेत. वेगवेगळ्या ठिकाणी कापून पाहू, आणि नमुना लहान असल्यामुळे फिशर यांची अचूक चाचणी लावू. तुमच्याप्रमाणे ३ आणि ४ यांच्या मध्ये कापले तर पी मूल्य ०.०३९ येते. २ आणि ३ यांच्या मध्ये कापले, म्हणजे "तटस्थ" ला वरच्या बाजूला घेतले, तर ०.०६९. फक्त "पूर्ण सहमत" एका बाजूला आणि बाकी सारे दुसऱ्या बाजूला ठेवले तर ०.३२. महिला त्याच आहेत, त्यांची उत्तरेही तीच आहेत. तरी निष्कर्ष कात्री कुठे लावली यावर ठरतो.

कापण्याला माझा सरसकट विरोध नाही. प्रश्नावली भरून घेण्यापूर्वीच आराखड्यात "४ किंवा ५ म्हणजे सक्षम" असे लिहून ठेवले असेल आणि त्यामागे काही कारण असेल, तर ते योग्य आहे. पण इथे तसे लिहिलेले नाही, आणि मान-व्हिटनी कुठेही न कापता पाचही पायऱ्या वापरते. मग हाती असलेली माहिती टाकून द्यायची कशासाठी?

कृष्णाकाठ

०.०३९ आणि ०.०६९ हे दोन आकडे शेजारी पाहिल्यावर माझे म्हणणे मागे घेतो. आमच्या जुन्या कामांत कात्री कुठे लावायची हे नेहमी नंतरच ठरत असे, हे प्रांजळपणे मान्य करतो. ३० च्या नियमावर मात्र मी ठाम आहे.

लोहगड_पायथा

मी वैद्यकीय संशोधनात सांख्यिकीचे काम करते, म्हणून त्या ३० बद्दल लिहिते. टी चाचणी लहान नमुन्यासाठीच जन्माला आली. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांच्यापुढे मोजक्याच निरीक्षणांवरून निर्णय घेण्याचा प्रश्न होता, आणि १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने त्यांनी ते वितरण प्रसिद्ध केले. ३० नंतर टी आणि प्रसामान्य वितरणाचे तक्ते जवळजवळ सारखे दिसू लागतात, म्हणून जुन्या पुस्तकांत तो आकडा सोयीचा म्हणून आला. पुढे त्याचा उलटा अर्थ रूढ झाला, की ३० च्या खाली टी वापरायचीच नाही.

गणकवृत्ती यांच्याशी माझा थोडा मतभेदही आहे. पाच पायऱ्यांच्या एका प्रश्नावर टी चाचणी लावणे म्हणजे अपराध, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. रानजाई यांच्या आकड्यांवर दोन गटांच्या सरासरी ४.० आणि २.७३ आहेत, प्रमाण विचलने ०.९५ आणि १.२७. वेल्च यांच्या पद्धतीने, म्हणजे दोन्ही गटांचा विखुरलेपणा समान न मानता, टी २.७० येतो आणि पी मूल्य ०.०१५ च्या आसपास. मान-व्हिटनीच्या ०.०१९ पासून ते फार दूर नाही. शिवाय टी चाचणी फरकाचा अंदाज आणि त्याची मर्यादाही देते: १.२७ पायऱ्या, आणि ९५ टक्के विश्वासाने ०.२८ ते २.२६ यांच्या दरम्यान. एवढ्या रुंद पट्ट्याकडे पाहिले, की नमुना किती लहान आहे हे वाचकाला लगेच कळते.

टी कधी फसते, हेही सांगते. एका गटातल्या जवळजवळ सगळ्यांनी "५" दिले असेल, म्हणजे उत्तरे पट्टीच्या टोकाला चिकटली असतील, तर त्या गटाचा विखुरलेपणा कृत्रिमपणे आक्रसतो आणि सरासरीभोवतीची मर्यादा पट्टीच्या बाहेर, ५ च्याही पुढे जाऊ शकते. तसे दिसले तर टी सोडून द्यावी. प्रसामान्यतेची वेगळी चाचणी लावून मग निवड करणे, ही जी पद्धत शिकवली जाते ती इथे निरुपयोगी आहे. ११-१२ निरीक्षणांत तिला विचलन क्वचितच पकडता येते, आणि पाचच पायऱ्यांवरची उत्तरे प्रसामान्य नाहीत हे तर न मोजताही ठाऊक आहे.

गणकवृत्ती

आकड्यांबद्दल वाद नाही. वाद अर्थाचा आहे. "१.२७ पायऱ्या" हे वाक्य मला पोकळ वाटते, कारण "असहमत" ते "तटस्थ" आणि "सहमत" ते "पूर्ण सहमत" या दोन पायऱ्या समान उंचीच्या आहेत असे त्यात गृहीत आहे. एकाच विषयावरच्या सात-आठ विधानांची बेरीज असती, तर मी स्वतःच टी सुचवली असती.

लोहगड_पायथा

बेरीज केली तरी तेच गृहीत आठ वेळा मान्य केल्यासारखे होते. फक्त ते कमी खुपते, एवढेच. या मुद्द्यावर आपले एकमत होणार नाही असे दिसते आणि रानजाई यांना त्याची गरजही नाही. त्यांनी कोणतीही एक निवडावी, पण दोन्ही करून ज्याचे पी मूल्य लहान ते छापू नये. मान-व्हिटनी निवडली तर निष्कर्ष "दोन मध्यगांत फरक आहे" असा लिहू नये, एवढी मात्र विनंती. इथे मध्यगा ४ आणि ३ आहेत हा योगायोग आहे. मध्यगा समान असूनही ही चाचणी फरक दाखवू शकते, कारण ती जोड्यांचे पारडे मोजते, मधले उत्तर नव्हे.

रानजाई

आपण सर्वांनी इतक्या सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. महाविद्यालयाच्या संगणकावर आर आहे, तिथे मी हे करून पाहिले:

```
a <- rep(1:5, c(0, 1, 2, 5, 4))
b <- rep(1:5, c(2, 3, 3, 2, 1))
wilcox.test(a, b)
chisq.test(rbind(c(0,1,2,5,4), c(2,3,3,2,1)))
chisq.test(rbind(c(9, 3), c(4, 7)))
fisher.test(rbind(c(9, 3), c(4, 7)))
```

पहिल्या चाचणीचे उत्तर ०.०१९३ आले, पण सोबत `cannot compute exact p-value with ties` अशी सूचना आली. काय-वर्गाच्या वेळी `Chi-squared approximation may be incorrect` असे आले. हो-नाही प्रश्नाचा काय-वर्ग संगणकाने २.०९ आणि पी मूल्य ०.१४८ असा दिला. हाताने केल्यावर मला ३.४९ आणि ०.०६२ मिळाले होते. फिशर चाचणीत ०.०९९५ आले. तीन उत्तरांपैकी खरे कोणते मानायचे? आणि त्या सूचना म्हणजे माझी चूक आहे का?

गणकवृत्ती

सूचना म्हणजे चूक नव्हे. पहिली सांगते, की बरीच उत्तरे सारखी असल्यामुळे तिने अचूक मोजणी न करता सन्निकट सूत्र वापरले. पाच पायऱ्यांवर २३ जणी आहेत, सारखी उत्तरे येणारच. बरोबरीची दुरुस्ती त्या सूत्रात केलेली आहे. दुसरी सूचना म्हणजे वर सांगितलेली अपेक्षित वारंवारतेची अडचणच आहे.

हो-नाही प्रश्नाला क्रमच नाही, दोनच वर्ग आहेत, म्हणून तिथे काय-वर्गाच्या घराण्यातलीच चाचणी योग्य आहे. आपल्या मार्गदर्शकांची सूचना या प्रश्नापुरती बरोबर आहे. हाताने आपण साधे सूत्र वापरलेत. संगणकाने २ × २ तक्ता पाहून येट्स यांची दुरुस्ती आपणहून लावली, म्हणून त्याचे उत्तर ०.१४८ आले. एक अपेक्षित आकडा ४.७८ आहे, म्हणजे ५ च्या जरा खाली. अशा वेळी फिशर यांची चाचणी घ्यावी, कारण ती सन्निकट सूत्रावर न जाता "हो" म्हणणाऱ्या १३ जणी १२ आणि ११ च्या गटांत किती प्रकारे पडू शकतात ते सरळ मोजते. म्हणून ०.०९९५, म्हणजे साधारण ०.१० लिहा.

आता विचारतील, की एका प्रश्नात फरक दिसतो आणि दुसऱ्यात का नाही. ७५ टक्के आणि ३६ टक्के हा फरक लहान नाही. पण हो-नाही उत्तरात प्रत्येक महिलेकडून फारच थोडी माहिती मिळते, आणि २३ जणींत तेवढ्यावरून तो फरक ठामपणे सांगता येत नाही. "फरक नाही" असे मात्र कृपया लिहू नका.

माणदेशी_वाट

मी आकडेशास्त्राचा माणूस नाही, पण बारा वर्षे बचत गटांबरोबर काम करतो. एक विचारतो. या १२ जणी एकाच गटातल्या आहेत की वेगवेगळ्या? प्रशिक्षण एकेका बाईला मिळत नाही, ते अख्ख्या गटाला मिळते. एका गटातल्या बायका एकत्र बँकेत जातात, एकमेकींचे पाहून धीर धरतात. एखाद्या गटाची अध्यक्ष खमकी असेल तर सगळा गट "पूर्ण सहमत" म्हणतो, प्रशिक्षण झालेले असो वा नसो. आणि बँक गावातच आहे की बारा किलोमीटरवर, यावरही उत्तर बदलते.

रानजाई

प्रशिक्षण घेतलेल्या १२ जणी दोन गटांतल्या आहेत, ७ आणि ५. न घेतलेल्या ११ जणी दुसऱ्या दोन गटांतल्या आहेत, ६ आणि ५. प्रशिक्षण घेतलेले दोन्ही गट ज्या गावात आहेत तिथे बँकेची शाखा आहे. दुसऱ्या गावात नाही. याचा चाचणीशी संबंध येईल हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

गणकवृत्ती

हा प्रश्न मीच पहिल्या उत्तरात विचारायला हवा होता. टी असो, काय-वर्ग असो की मान-व्हिटनी, तिघींचीही एक अट सामाईक आहे: प्रत्येक उत्तर दुसऱ्यापासून स्वतंत्र असले पाहिजे. माणदेशी_वाट यांचे म्हणणे खरे असेल, आणि ते अनुभवातून आलेले आहे, तर आपल्याकडे २३ स्वतंत्र उत्तरे नाहीत. २३ आणि ४ यांच्या मध्ये कुठेतरी असलेली संख्या आहे.

अगदी कठोरपणे पाहायचे तर प्रशिक्षण चार गटांपैकी दोघांना मिळाले. चारांतून दोन निवडण्याचे सहाच प्रकार आहेत. प्रशिक्षण घेतलेले दोन्ही गट सर्वांत वर आले, तरी दुहेरी पी मूल्य २/६, म्हणजे ०.३३ च्या खाली जाऊच शकत नाही. कोणतीही चाचणी निवडली तरी ही मर्यादा ओलांडता येणार नाही, कारण ती चाचणीची मर्यादा नाही, माहिती गोळा करण्याच्या रीतीची आहे.

लोहगड_पायथा

हे फारच कठोर वाटते. गटातल्या उत्तरांमधले साम्य किती आहे ते आधी पाहता येईल. चारही गटांचे तक्ते वेगळे मांडा. ७ आणि ५ यांच्या गटांची उत्तरे एकमेकांसारखीच पसरलेली दिसली, आणि ६ व ५ यांचीही तशीच दिसली, तर गटाचा प्रभाव थोडा आहे असे म्हणायला निदान जागा राहते. एका गटात सगळ्या "५" आणि दुसऱ्यात सगळ्या "३" असतील, तर गणकवृत्ती यांचे म्हणणे मान्य करावेच लागेल.

गणकवृत्ती

चार गटांच्या तक्त्यांवरून साम्याचा अंदाज फारच डळमळीत येईल. पण तक्ते मांडावेत, याला माझी हरकत नाही. बँकेच्या शाखेचा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही. प्रशिक्षण आणि शाखा दोन्ही एकाच गावात आहेत, त्यामुळे दोहोंचा परिणाम या माहितीतून वेगळा काढता येणार नाही.

रानजाई

आज चारही गटांचे तक्ते वेगळे मांडले. ७ जणींच्या गटात २, ३, ४, ४, ४, ५, ५ आणि ५ जणींच्या गटात ३, ४, ४, ५, ५ अशी उत्तरे आहेत. प्रशिक्षण न घेतलेल्यांत ६ जणींच्या गटात १, १, २, २, ३, ३ आणि ५ जणींच्या गटात २, ३, ४, ४, ५. म्हणजे प्रशिक्षण घेतलेले दोन्ही गट एकमेकांसारखे आहेत, पण दुसरे दोन अजिबात सारखे नाहीत.

निष्कर्षाचा मसुदा मी असा लिहिला आहे: "प्रशिक्षण घेतलेल्या महिलांची आत्मविश्वासाची उत्तरे न घेतलेल्यांपेक्षा वरची आढळली, यादृच्छिक जोडीत ती वरची असण्याची शक्यता, बरोबरी अर्धी मोजून, ०.७८ होती (मान-व्हिटनी, पी = ०.०१९). एकटीने व्यवहार केल्याचे प्रमाण १२ पैकी ९ आणि ११ पैकी ४ होते (फिशर, पी = ०.१०). उत्तरदात्या चारच बचत गटांतल्या असल्यामुळे, आणि बँकेची शाखा फक्त प्रशिक्षण घेतलेल्यांच्या गावात असल्यामुळे, ही पी मूल्ये फरकाला आहे त्यापेक्षा अधिक ठाम दाखवत असण्याची शक्यता आहे, आणि फरक प्रशिक्षणामुळेच आहे असे यावरून म्हणता येत नाही." पी मूल्ये ठेवावीत की काढावीत, हे मला ठरवता येत नाही.

लोहगड_पायथा

ठेवा. शेवटचे वाक्य त्यांच्या शेजारीच राहू द्या, "मर्यादा" या प्रकरणात ढकलू नका.

गणकवृत्ती

मी काढली असती. ६ आणि ५ जणींचे ते दोन गट पाहा. दोन्ही प्रशिक्षण न घेतलेले, दोन्ही एकाच गावातले, आणि तरी एकात कोणीही ३ च्या वर नाही, तर दुसऱ्याची मध्यगा थेट ४ आहे, म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या गटांएवढीच. एका गावातल्या दोन गटांत जर प्रशिक्षणाविनाच एवढा फरक पडतो, तर ०.०१९ हा आकडा कशाचे मोजमाप आहे, हे मला सांगता येणार नाही. ०.७८ आणि चार गटांचा तक्ता मात्र नक्की ठेवा.

माणदेशी_वाट

त्या सहा जणींच्या गटाचा हिशेब कोण लिहिते, ते एकदा विचारून या. सचिव सगळे व्यवहार एकटीच करत असेल, तर बाकीच्या जणींना बँकेत जायची वेळच आलेली नसेल. मग त्या उत्तरांत प्रशिक्षणाचा संबंध शोधण्यात अर्थ नाही.

रानजाई

येत्या शनिवारी त्या गटाची मासिक बैठक आहे. जाऊन विचारते आणि इथे लिहिते.